माइकऐवजी पत्र

> "मैत्रिणीने लग्नात माइकवर चार शब्द बोलायला सांगितलंय. स्टेजवर माझा आवाजच फुटत नाही. तिला न दुखावता नाही कसं म्हणू?"

"बघते, प्रयत्न करते" एवढं मात्र म्हणू नका. मी तेच म्हटलं होतं. मैत्रिणीने कार्यक्रमात माझं नाव घातलं आणि शेवटच्या आठवड्यात नकार देताना दोघींनाही त्रास झाला.

आजच फोन करा. मेसेजमधला नकार कोरडा वाटतो. मी अखेर असं सांगितलं: "तू मला विचारलंस याचा खूप आनंद झाला. पण गर्दीसमोर माझा घसा आवळतो, हात कापतात, मला बोलता येणार नाही. जे बोलायचं होतं ते मी तुला लिहून देणार आहे, लग्नाच्या सकाळी." कारण एकच आणि खरं द्या. तब्येतीची वगैरे सबब दिलीत तर ती पर्याय सुचवत बसेल.

पत्र हाताने लिहा, एक पानभर. "तू खूप चांगली आहेस" यापेक्षा एकच प्रसंग नीट लिहा. मी नापास झाले त्या रात्री ती न बोलता शेजारी बसून राहिली होती, तेवढंच मी लिहिलं. आणि हो, ते फक्त तिच्यासाठी आहे हे आधीच सांगा, नाहीतर कुणीतरी माइकवर वाचून दाखवायचं!