सिनेमा ‘काढला’, ‘गेला’ की ‘उतरला’?

सांगलीकर:
आईला रात्री जेवणानंतर पाऊण तास सिनेमा बघायची सवय आहे. एक जुना मराठी सिनेमा ती तुकड्यातुकड्याने बघत होती. दोन रात्री झाल्या आणि तिसऱ्या रात्री तो ॲपवर नाहीच. शोधला तर पाटी आली: ‘हे शीर्षक तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.’ आईने विचारलं, “का रे काढला त्यांनी?” मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारतो. या पाटीतला ‘प्रदेश’ म्हणजे महाराष्ट्र का? आणि अशा वेळी मराठीत क्रियापद कोणतं वापरावं? ‘काढला’ म्हटलं की कुणीतरी मुद्दाम हात घालून काढल्यासारखं वाटतं.

नाशिकची वाचक:
कुणीतरी तक्रार केली असणार. तक्रार आली की काढतात हल्ली. त्यामुळे ‘काढला’ हाच शब्द बरोबर.

करारवाला:
मी एका निर्मात्याच्या कचेरीत बरीच वर्षं करारांचं काम बघतो. तक्रारीमुळे सिनेमा निघतो, नाही असं नाही, पण तशी उदाहरणं थोडी. सांगलीकर, नेमका कोणत्या तारखेला दिसेनासा झाला?

सांगलीकर:
31 मार्चच्या रात्री बघितला होता. 1 एप्रिलला नव्हता.

करारवाला:
मग बहुतेक मुदत संपली. समजा निर्मात्याने त्या ॲपला 1 एप्रिलपासून पाच वर्षांसाठी, फक्त भारतापुरते डिजिटल हक्क दिले होते. पाचव्या वर्षीच्या 31 मार्चला रात्री बारा वाजता ते संपले. फाईल सर्व्हरवर तशीच असेल, पण दाखवायचा अधिकार उरलेला नाही. मुदत संपायच्या आधी काही महिने ॲपवाले बघतात की हा सिनेमा किती जणांनी पाहिला आणि नव्याने घ्यायला किती पैसे पडतील. हिशोब बसला नाही तर ते गप्प बसतात. जुन्या मराठी सिनेमांत आणखी एक अडचण येते. निर्माते वारले, मुलांमध्ये वाटणीचा वाद आहे, मग नव्या करारावर सही कोण करणार?

एक खूण सांगतो. त्याच निर्मात्याचे आणखी चार-पाच सिनेमे त्याच दिवशी दिसेनासे झालेत का ते बघा. जुने सिनेमे पुष्कळदा गठ्ठ्याने विकले जातात. गठ्ठ्याची मुदत एकच, त्यामुळे जाताना सगळे एकदम जातात. तक्रारीचं प्रकरण असेल तर एकटा सिनेमा जातो, तोही महिन्याच्या मध्येच, कुठल्याही तारखेला.

सांगलीकर:
बघितलं. त्याच बॅनरचे तीन गेलेत.

रत्नागिरीची:
आमच्याकडे हापूसची बाग कराराने देतात. झाडं आमची, जमीन आमची, पण तेवढे हंगाम फळ व्यापाऱ्याचं. करार संपला की त्याचा राखणदार आपोआप निघून जातो. तेव्हा ‘बाग काढून घेतली’ असं कुणी म्हणत नाही. ‘करार संपला’ म्हणतात. ॲपवाल्यांनी सिनेमा विकत घेतलेला नसतो, बाग कराराने घ्यावी तसा घेतलेला असतो, असंच ना? मग आपण त्याला ‘परवाना’ का म्हणतो? परवाना म्हटलं की मला रिक्षाचा परवाना आठवतो.

करारवाला:
शंका रास्त आहे. सरकारी मराठीत लायसन्सला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात आणि ‘परवाना’ हा परमिटसाठी ठेवलाय. बोलताना दोन्हीला परवानाच म्हणतात. पण सरकार देतं तो परवाना वेगळा आणि मालक देतो तो वेगळा. मालकाने दिलेल्यासाठी मला ‘मक्ता’ हा जुना शब्द आवडतो, कारण त्यात ठरावीक रक्कम, ठरावीक काळ आणि दुसऱ्या कुणाला न देणं, तिन्ही येतं. मात्र एकाच वेळी दोन-तीन ॲपवर दिसणारे सिनेमेही असतात. त्यांना मक्ता म्हणता येणार नाही.

कायद्यातली एक गोष्ट यात फार कामाची आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे करारात मुदत लिहायची राहिली तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहायचा राहिला तर तो भारत धरतात. लायसन्सलाही हेच लागू होतं. म्हणजे त्या पाटीतला ‘प्रदेश’ हा करारातला शब्द आहे, भूगोलातला नाही. ॲपच्या बाबतीत तो बहुतेक वेळा देश असतो.

निवृत्त ऑपरेटर:
प्रदेशाची ही वाटणी ॲपवाल्यांनी शोधलेली नाही. आम्ही टॉकीजमध्ये होतो तेव्हाही सिनेमा टेरिटरीप्रमाणेच विकला जाई. पुणे, कोल्हापूर, गोवा हे मुंबई सर्किटमध्ये, विदर्भ सी.पी. बेरारमध्ये आणि मराठवाडा निजाममध्ये. एकाच राज्यात तीन वितरक. सोलापुरात लागलेला सिनेमा नांदेडला दोन आठवडे उशिरा पोचायचा, कारण तिकडचा सौदाच झालेला नसायचा.

आणि क्रियापदाचं म्हणाल तर ते आपल्याकडे आहेच. सिनेमा ‘लागतो’ आणि सिनेमा ‘उतरतो’. शुक्रवारी लागला, पुढच्या गुरुवारी उतरला. त्यात कुणी काढलं हा प्रश्नच येत नाही. आईंना सांगा, “सिनेमा उतरला.”

करारवाला:
अगदी चपखल. 31 मार्च 2023 ला एचबीओच्या मालिका डिस्ने प्लस हॉटस्टारवरून गेल्या आणि नंतर जिओसिनेमावर आल्या. लोक ‘काढल्या, काढल्या’ म्हणून चिडले होते. खरं तर त्या एका टॉकीजवरून उतरल्या आणि दुसऱ्या टॉकीजला लागल्या.

म्युनिकहून:
माझं प्रकरण याच्या उलट आहे. सिनेमा उतरलेला नाही, मीच हललो. जर्मनीत घेतलेल्या खात्यावर ॲम्स्टरडॅमला गेलो तरी माझीच यादी दिसते, पुण्याला आलो की अर्धी नाहीशी होते. पैसे तेवढेच भरतोय ना मी?

करारवाला:
युरोपीय संघात 1 एप्रिल 2018 पासून तसा नियम आहे. तात्पुरतं दुसऱ्या सदस्य देशात गेलात तरी पैसे भरून घेतलेली घरची यादी मिळायलाच हवी. तो नियम पुण्यात चालत नाही. इथे ॲप तुमच्या इंटरनेटचा पत्ता कोणत्या देशातला ते बघतं आणि त्या देशासाठी हक्क असलेलंच दाखवतं. सिनेमाचे भारतातले हक्क दुसऱ्याकडे असले तर तुमच्या ॲपला तो इथे दाखवता येत नाही.

सांगलीकर:
आणि सिनेमा एका ठिकाणी दाखवायच्या ठरावीक काळाला ‘विंडो’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? सिनेमाच्या संदर्भात ‘खिडकी’ म्हटलं की तिकीटखिडकीच डोळ्यांपुढे येते. आमच्याकडे कॅनॉलच्या पाण्याची पाळी असते. तुमची पाळी संपली की दार बंद, पाणी पुढच्या शेताला, कॅनॉल मात्र भरलेलाच. तो शब्द चालेल?

करारवाला:
चालेल की. आधी थिएटरची पाळी, मग ॲपची, मग टीव्हीची. मोठी मल्टिप्लेक्स हिंदी सिनेमासाठी आठ आठवड्यांची पाळी मागतात, त्याआधी ॲपवर आणणार असाल तर ती सिनेमा लावायला तयार नसतात. फक्त एक फरक लक्षात ठेवा. पाण्याच्या पाळ्या एकामागून एक लागून येतात. सिनेमाच्या दोन पाळ्यांमध्ये मोकळा काळ पडू शकतो आणि तेवढ्या काळात तो कुठेच दिसत नाही. तुमच्या आईंचा सिनेमा आत्ता तिथेच अडकला असावा.

नाशिकची वाचक:
तक्रारीचं माझं चुकलं, मान्य. पण ‘उतरला’ला माझी हरकत आहे. डाऊनलोडला आपण ‘उतरवून घेणे’ म्हणतो. मुलगा म्हणाला “सिनेमा उतरला” तर मी समजेन की फोनमध्ये आला. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ झाले.

निवृत्त ऑपरेटर:
मग ‘ॲपवरून उतरला’ आणि ‘फोनमध्ये उतरला’ असं म्हणा. विभक्ती आहे ना मदतीला.

नाशिकची वाचक:
घाईत कुणी विभक्ती बोलत नाही हो. मी आपली ‘मुदत संपली’च म्हणणार.

सांगलीकर:
आईला ‘उतरला’ लगेच कळलं. म्हणाली, “मग पुन्हा कुठे लागला की सांग.”