तातडीच्या कामाचे जादा शुल्क

"काम तेवढेच आहे, मग दोन दिवसांत हवे म्हणून जास्त पैसे कशाचे, असे ग्राहक विचारतो, त्याला काय सांगावे?"

जो खर्च खरोखर वाढतो, तोच सांगावा. समजा, दहा दिवसांचे शिवणकाम दोन दिवसांत हवे असून त्यासाठी कारागिराला चार तास जादा बसावे लागणार आहे. तर त्या तासांची वाढीव मजुरी बिलात वेगळ्या ओळीत दाखवावी आणि कापड कापण्यापूर्वीच ग्राहकाची संमती घ्यावी. तो अडून बसला, तर शुल्क कमी न करता कामाची व्याप्ती कमी करावी: समारंभाचा एक पोशाख तातडीने, बाकीचे नेहमीच्या तारखेला व नेहमीच्या दराने. हाती मोकळा वेळ असेल, तर हे शुल्क लावणे मला अप्रामाणिक वाटते. कबूल केलेली तारीख आपल्याकडून चुकली, तर ते पूर्ण परत करावे, आणि हेही आधीच बिलावर लिहावे.