ताकद गोठवली की भाव फुगतो

> “कॉम्प्युटरवर दहा हजार वेळा फुटबॉलचा सीझन चालवला, तरी मधल्या संघांचा रेलिगेशनचा भाव बाजारापेक्षा चढाच का येतो?”

भाऊ, फेऱ्या वाढवून हे जाणार नाही. प्रत्येक फेरीत संघाची ताकद तीच ठेवली असणार. सोलापुरात आमच्या कट्ट्यावरही बहुतेकांच्या शीट अशाच. प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांत निव्वळ नशिबाने गुण साधारण ८ने वरखाली होतात. सरासरी ४५ आणि वाचण्याची रेषा ३५ धरली, तर घसरण्याची शक्यता १०.६ टक्के, भाव ९.४. आता ताकदीच्या अंदाजातही ६ गुणांची अनिश्चितता धरा आणि ती फेरीच्या सुरुवातीला एकदाच काढा (दर सामन्याला काढली तर विरून जाते). ८ आणि ६ च्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की एकूण पसारा १० होतो, शक्यता १५.९ टक्के, भाव ६.३. टॉप फोरलाही हेच. सगळ्या संघांच्या शक्यतांची बेरीज तिथे ४ आणि रेलिगेशनला ३ दोन्ही पद्धतींत येतेच, त्यामुळे ती जुळली म्हणून खूश होऊ नका.