कंपन्यांचा पॅनेल: हाउसमनचा पी ०.२७ आला, मग रँडम इफेक्ट चालेल?

शोधार्थी: ४०० कंपन्या, ६ वर्षं. कर्जाचं प्रमाण वाढलं की गुंतवणूक घटते का, हे बघतेय. शिवाय कौटुंबिक मालकीचा परिणामही हवाय. कर्जाचा गुणांक फिक्स्डमध्ये -०.१२ (स्टँडर्ड एरर ०.०७), रँडममध्ये -०.०५ (०.०३). हाउसमनचा पी ०.२७. रँडम घेऊ ना?

ताळेबंद: अजिबात नको. कंपनीचं व्यवस्थापन कसं आहे हे तुमच्या डेटात नाही, आणि त्याचा कर्जाशी संबंध नाही असं कोण म्हणेल? कंपन्यांसाठी फिक्स्डच.

आकडेमोड: टेस्ट पास झाली आहे की. शिवाय फिक्स्डमध्ये कौटुंबिक मालकी गळून पडेल, कारण ती सहा वर्षांत बदलतच नाही.

जुनी वही: मालकीचं म्हणणं बरोबर आहे, टेस्टचं नाही. दोन गुणांकांतला फरक -०.०७. त्याची स्टँडर्ड एरर हाउसमनच्या सूत्राने ०.०७ च्या वर्गातून ०.०३ चा वर्ग वजा करून उरलेल्या ०.००४ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे साधारण ०.०६३. तेव्हा खरा फरक -०.१९ पासून +०.०५ पर्यंत कुठेही असू शकतो. एक गुणांक दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा असताना टेस्टला तो दिसत नाही, कारण एकाच कंपनीत कर्ज वर्षागणिक फारसं हलत नाही. याला ‘दोन्ही सारखे’ म्हणता येत नाही.

दुसरं, हे सूत्र रँडमला सर्वांत काटेकोर मानून चालतं. एकाच कंपनीच्या चुका वर्षावर्षांत जोडलेल्या असल्या की ते गृहीतक कोसळतं. त्यापेक्षा मुंडलाकची १९७८ ची युक्ती वापरा: प्रत्येक कंपनीची कर्जाची सरासरी रँडममध्येच घाला.

```
bysort firm: egen m_debt = mean(debt)
xtreg inv debt family m_debt, re vce(cluster firm)
test m_debt
```

`debt` चा गुणांक फिक्स्डचाच येईल, `family` ही टिकेल आणि टेस्ट क्लस्टरसकट मिळेल. मात्र ज्या ओळी रिग्रेशनमधून गळतात त्या सरासरी काढण्याआधीच वगळा, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.

कारखाना: माझ्याकडे भांडवलाचा आकडा होता, तो ताळेबंदावरून अंदाजानेच काढलेला. फिक्स्डमध्ये त्याचा गुणांक जवळपास शून्यावर आला. सरासरी वजा केली की खरी हालचाल जाते आणि मोजमापाची चूक उरते. तेव्हा ‘फिक्स्डच’ हा हट्ट मला पटत नाही.

ताळेबंद: तो दोष मान्य. पण म्हणून रँडमवर विश्वास का ठेवायचा? त्यात मोजमापाची चूक राहतेच, वर व्यवस्थापनाचा प्रश्नही.

शोधार्थी: `m_debt` घालून पाहिलं, `family` चा गुणांक निम्मा झाला. आता तो मालकीचाच परिणाम म्हणू?

जुनी वही: नाही. सरासरीने कर्जाचा गुणांक सुरक्षित झाला, मालकीचा नाही. कौटुंबिक कंपन्या आणखी कशात वेगळ्या असतील, तर ते सगळं `family` मध्येच बसलंय. तो आकडा सहसंबंध म्हणून छापा.

आकडेमोड: मग मालकीचा प्रश्न विचारायचाच नाही का?

ताळेबंद: या डेटावर तरी नाही. मालकी बदललेल्या कंपन्या मिळाल्या तर बोलू.