मदत हवी आहे: दोरीने ओढलेला दंडगोल कुठल्या गठ्ठ्यात टाकू?

घूर्णन गतीचे जुने प्रश्न मांडणीनुसार वेगळे करतोय. वजनदार पुलीचे एकीकडे, उतारावरून घरंगळणारे दुसरीकडे. तिथे I/R² नीट मांडलं की काम होतं. अडलंय ते सपाट जमिनीवर, न घसरता घरंगळणाऱ्या भरीव दंडगोलापाशी. दोरी वरच्या टोकाला बांधून F बलाने ओढली, तर स्पर्शबिंदूभोवती टॉर्क घेऊन F·2R = (3/2)MR²α, म्हणजे a = 4F/3M. घर्षण F/3, तेही पुढच्या दिशेने! अक्षाला ओढलं तर तेवढंच, पण मागे. पातळ कड्याला वरून ओढलं तर चक्क शून्य. घर्षणाची दिशा गणित सोडवण्याआधीच कशी ओळखायची? दोरीच्या उंचीनुसार वेगळा गठ्ठा करावा का?