पिल्लू झोपेत थरथरतं, पाय मारतं: स्वप्न की फिट? (मदत हवी आहे)

मोगरा_नाशिक
नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधलं एक गावठी पिल्लू घरी आणलं. नाव खजूर. पुढचे दुधाचे दात पडायला लागलेत, त्यावरून डॉक्टरांनी साडेतीन महिन्यांचं सांगितलं. जंताचं औषध झालं, पहिली लस झाली, दुसरी पुढच्या आठवड्यात. खाणंपिणं उत्तम.

काळजी त्याच्या झोपेची आहे. झोपला की थोड्या वेळाने पापण्या फडफडतात, मिशा हलतात, तोंड दूध प्यायल्यासारखं चुटूचुटू चालतं आणि मग चारही पाय उडायला लागतात. बारीक आवाजात भुंकतोही. परवा समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, ही फिट आहे, आमच्या कुत्र्याला अशीच यायची, त्यातच गेला बिचारा." तेव्हापासून माझाच डोळ्याला डोळा लागत नाही. पाय उडाले की मी त्याला हलवून उठवते. शिवाय दिवसभर झोपतोच आहे असं वाटतं. हे नॉर्मल आहे का?

शेतावरचा_पांडू
कॅल्शियम कमी आहे ताई. आमची कुत्री व्यायली आणि पंधरा दिवसांनी असंच अंग थरथरायला लागलं, पाय ताठ झाले. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, तासाभरात उठून बसली. मेडिकलमध्ये सिरप मिळतं, सुरू करा.

चार_पायांची_आत्या
पांडूदादा, तुमच्या कुत्रीचं निदान बरोबरच होतं. पिलं अंगावर पीत असली की आईच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं आणि जीवावर बेततं. पण ती जागेपणी थरथरत होती ना? खजूर फक्त झोपेत हलतोय. वाढत्या पिल्लाला वरून कॅल्शियम पाजलं तर हाडांची वाढ बिघडू शकते. मोगराताई, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सिरप देऊ नका.

मी बारा वर्षं रस्त्यावरची पिलं तात्पुरती घरी सांभाळते, त्यामुळे हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. तुम्ही लिहिलंय त्यातलं बहुतेक स्वप्नाच्या झोपेचं वर्णन आहे. कुत्रा झोपला की आधी गाढ, संथ श्वासाची झोप येते, आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांनी डोळे पापण्यांखाली फिरायला लागतात. या टप्प्यात मेंदू जागेपणीसारखा चालू असतो, पण मेंदूच्या देठातून स्नायूंना ब्रेक लागलेला असतो, म्हणून शरीर उठून पळत नाही. 1960 च्या दशकात फ्रान्समधल्या लियों शहरात मिशेल जूवे यांनी मांजरांमध्ये हा ब्रेकचा भाग निकामी करून पाहिला, तर मांजरं झोपेतच उठून शिकारीचे पवित्रे घ्यायला लागली. पिल्लांमध्ये हा ब्रेक अजून कच्चा असतो. त्यामुळे थोडं थोडं गळतं, तेच तुम्हाला मिशांत आणि पायांत दिसतं.

आता फिट कशी ओळखायची? स्वप्नात हालचाल तुटक असते. दोनचार झटके, मग थांबतं, मग परत. अंग सैल असतं. नावाने हाक मारली की डोळे उघडतो आणि लगेच तुम्हाला ओळखतो. फिटमध्ये अंग लाकडासारखं ताठ होतं, पाय एका लयीत सायकल मारल्यासारखे न थांबता चालतात, लाळ गळते, लघवी किंवा शी होऊ शकते. हाक मारून तो बाहेर येत नाही. थांबल्यावरही काही वेळ भिंतीला धडकतो, आपल्याला ओळखत नाही. फिट पाच मिनिटांवर गेली किंवा एका दिवसात दुसरी आली तर रात्र न बघता दवाखाना गाठायचा.

हलवून उठवू मात्र नका. स्वप्नातून दचकून उठलेला कुत्रा समोर कोण आहे हे कळायच्या आधी चावू शकतो. लांबूनच हाक मारा.

एक गोष्ट विचारते, कारण पिल्लू रस्त्यावरचं आहे. आणल्यापासून डोळ्यांत चिपाडं, नाकातून घट्ट शेंबूड, ताप, जुलाब असं काही झालं का? डिस्टेंपरमध्ये एकाच ठिकाणचा स्नायू, कानशिलाचा किंवा एखाद्या पायाचा, घड्याळासारखा ठरावीक लयीत उडत राहतो. ते जागेपणी दिसतं आणि झोपेतही थांबत नाही. आधीचं आजारपण हलकंसं होऊन गेल्यावर काही आठवड्यांनीही हे सुरू होऊ शकतं. म्हणून जागेपणी नीट बघा.

रेवा_डोंबिवली
माझ्या तेरा वर्षांच्या लॅबचंही असंच चालू आहे. दिवसभर घोरतो आणि रात्री दोनला उठून घरभर नखं वाजवत फिरतो. दाराच्या मागे, बिजागरीच्या बाजूला तोंड खुपसून उभा राहतो. त्यालाही स्वप्नं पडत असतील का?

चार_पायांची_आत्या
रेवा, हे स्वप्न नाही, तो जागा असतो. म्हाताऱ्या कुत्र्यांची एकूण झोप वाढते, पण तुकड्यातुकड्यांची होते. दिवस-रात्र उलटणं आणि कोपऱ्यात अडकून उभं राहणं हे मेंदूच्या म्हातारपणाचं लक्षण असू शकतं. त्याआधी सांधेदुखी, नजर आणि लघवीचं प्रमाण तपासून घ्या. पाणी जास्त पीत असेल तर किडनीही बघायला हवी. तोवर पॅसेजमध्ये एक मंद दिवा चालू ठेवा.

निशाचर७७
स्वप्न म्हणतो खरे, पण त्याला काय दिसतं हे आपल्याला कसं कळणार? स्नायू हलले म्हणजे चित्र दिसलंच असं नाही.

चार_पायांची_आत्या
मान्य. उंदीर झोपेत दिवसाच्या वाटा मेंदूत परत चालतात हे मोजलं गेलंय, कुत्र्याबद्दल मी तिथवरच थांबेन.

मोगरा_नाशिक
आत्या, तुमचं वाचून तीन दिवस वही घेऊन बसले. पहिल्या दिवशी झोप भरली जेमतेम तेरा तास! म्हणजे मला उलटंच वाटत होतं. मुलांना सुट्टी आहे, तो डोळे मिटतो न मिटतो तोच बॉल घेऊन हजर. संध्याकाळी सातला घरभर वेड्यासारखा धावतो आणि घोटे चावतो, ते आम्ही मस्ती समजत होतो.

चार_पायांची_आत्या
ती पेंगुळलेल्या बाळाची चिडचिड आहे. या वयात अठरा ते वीस तास झोप लागते, मोठ्या कुत्र्याला बारा-चौदा तास पुरतात. आणि झोप तुटली की पुढच्या झोपेत स्वप्नाचा टप्पा जास्त येतो. तुम्ही प्रत्येक वेळी उठवत होतात, त्यानेही भर पडली असेल. तासभर जागरण झालं की आडोशाला, पंख्याखाली अंथरूण घालून द्या आणि तिथे मुलांना बंदी.

मोगरा_नाशिक
आठवड्याने लिहितेय. पलंग आणि भिंतीच्या मधल्या जागेत त्याचं गोणपाट टाकलं. काल सतरा तास झोपला. घोटे चावणं जवळजवळ बंद. पाय अजून उडतात, पण आता मी लांबूनच "खजूर" म्हणते, तो एक डोळा उघडून शेपूट दोनदा आपटतो आणि परत झोपतो.

एकच गोष्ट मनात आहे. व्हिडिओ हळू करून पाहिले तर डावा मागचा पाय बाकीच्यांपेक्षा जास्त उडतो. जागेपणी मला तो कधी उडताना दिसला नाही. आणलं तेव्हा डोळ्यांत थोडी चिपाडं होती हे मात्र आठवलं. डॉक्टरांनी व्हिडिओ बघितले, चालवून बघितलं, पायाचे तळवे दाबून बघितले. म्हणाले, आत्ता औषध नको, पंधरा दिवसांनी परत दाखवा, आणि शांत बसलेला असताना रोज पाच मिनिटं फक्त त्या पायाकडे बघा. आज चौथा दिवस, अजून काही दिसलेलं नाही. कोणाच्या पिल्लाचा एकच पाय असा जास्त उडायचा का?

शेतावरचा_पांडू
आमच्या मोत्याचा उजवा पुढचा उडायचा, तो ज्या कुशीवर झोपायचा त्याच्या वरच्या बाजूचा. खजूर नेहमी उजव्या कुशीवरच झोपतो का, ते एकदा बघा ताई.