दुसऱ्या हायफननंतरचा मजकूर: TEXTAFTER लावायचं की जुनं FIND?

केळीवाला_रावेर
आमच्या केळीच्या लॉटचे कोड `RVR-G9-0412-B` असे असतात. गाव, वाण, लॉट नंबर आणि शेवटी प्रत. काहींना प्रत नसते, म्हणजे `CHPD-SHR-57` असं. मला दुसऱ्या हायफननंतरचं सगळं वेगळ्या कॉलममध्ये पाहिजे. ऑफिसात नवीन एक्सेल आहे, वजनकाट्यावर २०१०. फाईल रोज दोन्हीकडे उघडते. भाचा म्हणतो TEXTAFTER लाव, मुनीमजी म्हणतात जुनंच बरं. तुम्ही काय लावाल?

जळगावचा_पोरगा
भाचा बरोबर आहे.

```
=TEXTAFTER(A2,"-",2)
```

शेवटचा 2 म्हणजे दुसरा हायफन. पहिल्या कोडातून `0412-B` येईल, दुसऱ्यातून `57`. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी फाईल उघडली तरी बघताक्षणी कळेल की इथे काय चाललंय. कंसात कंस घालून लिहिलेला फॉर्म्युला पुढे कोणी हात लावायला धजत नाही, आणि तिथूनच चुका सुरू होतात.

धुळे_जिनिंग
ऑफिसपुरती फाईल असती तर मीही हेच लावलं असतं. पण प्रश्नात वजनकाट्यावरचं २०१० आहे, आणि TEXTAFTER फक्त ३६५ आणि २०२४ सारख्या नव्या आवृत्त्यांत आहे. खरा धोका असा की २०१० मध्ये फाईल उघडली की काहीच बिघडलेलं दिसत नाही. आधी काढून ठेवलेलं उत्तर तसंच दिसत राहतं. फॉर्म्युला बारमध्ये पाहिलं तरच `_xlfn.TEXTAFTER` दिसतं. मग काट्यावरच्या माणसाने A2 मधला कोड दुरुस्त केला की त्याच ओळीत `#NAME?` येतं. बाकीच्या ओळी ठीक दिसतात, म्हणून तो समजतो की आपलंच काहीतरी चुकलं.

दोन्हीकडे चालणारा फॉर्म्युला हा:

```
=MID(A2,FIND("-",A2,FIND("-",A2)+1)+1,LEN(A2))
```

आतून बाहेर वाचा. `RVR-G9-0412-B` मध्ये पहिला हायफन चौथ्या जागी आहे. त्यात एक मिळवून पाचव्या जागेपासून पुन्हा शोधलं की दुसरा सातव्या जागी सापडतो. MID आठव्या जागेपासून उचलतो, म्हणून `0412-B`. शेवटी LEN दिलंय ते फक्त 'उरलेलं सगळं घे' यासाठी. मजकूर संपल्यावर MID आपोआप थांबतो, जास्त आकडा दिला म्हणून तक्रार करत नाही.

फैजपूरकर
एवढं लांब कशाला भो? गावाचा कोड तीन अक्षरी आहे, म्हणजे पहिला हायफन कायम चौथा. सरळ `FIND("-",A2,5)` लिहा, दुसराच सापडेल. आतला FIND वाचला.

धुळे_जिनिंग
RVR ला चालेल. CHPD चार अक्षरी आहे, तिथे पहिला हायफनच पाचव्या जागी बसतो. पाचपासून शोधलं की तोच हाती लागतो आणि उत्तर येतं `SHR-57`. एररही नाही. त्या लॉटच्या जागी वाण चिकटलेलं आहे हे बेरजा जुळवायला बसल्यावरच कळणार.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांची चुकते. पाचपासून शोधलं तरी FIND जी जागा सांगतो ती मजकुराच्या अगदी सुरुवातीपासून मोजलेली असते. त्यात पहिल्या हायफनचे चार पुन्हा मिळवले तर अकरा होतात, MID बाराव्या जागेपासून उचलतो आणि हातात फक्त `-B` येतं.

जळगावचा_पोरगा
मग ऑफिसात TEXTAFTER लावून काट्यावर पाठवताना नुसत्या व्हॅल्यू पेस्ट करा. जुन्या मशीनसाठी नवीन सोय का सोडायची?

धुळे_जिनिंग
कारण कोडची दुरुस्ती काट्यावरच होते. त्याने `0412` चं `0421` केलं तर शेजारच्या कॉलमात जुनंच राहणार, आणि ते खरं वाटणार. त्यापेक्षा `#NAME?` परवडलं.

नंदुरबार_दूध
माझ्याकडे गावोगावच्या संकलनाचे कोड `12-5-07` असे आहेत. वरचा फॉर्म्युला लावला तर प्रत्येक ओळीत `#VALUE!`. हायफन डोळ्यांना स्वच्छ दिसतोय. हा फॉर्म्युला आकड्यांना चालत नाही का?

धुळे_जिनिंग
ताई, तुमचा कोड आत गेल्या गेल्या तारीख झाला. एक्सेलने तो १२ मे २००७ समजला आणि पेशीत 39214 हा आकडा ठेवला. दिसतोय तो हायफन तारखेच्या मांडणीचा आहे, FIND ला तो मिळत नाही. कॉलम आधी टेक्स्ट करा आणि कोड पुन्हा भरा. नंतर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, तेव्हा नुसतं 39214 दिसेल.

केळीवाला_रावेर
जुना फॉर्म्युला लावून पाहिला, बहुतेक ओळी जमल्या. पण काही ठिकाणी `#VALUE!` येतंय. एक कोड आहे `RVR-0388`, दुसरा `RVR – G9 – 0415`. दुसऱ्यात तर दोन हायफन आहेत ना?

धुळे_जिनिंग
पहिल्यात वाण लिहायचं राहिलंय, दुसरा हायफनच नाही. दुसरा कोड बहुधा वर्डमधून आलाय. तिथे मागेपुढे मोकळी जागा ठेवून हायफन टाईप केला की वर्ड त्याची लांब रेघ करतो. खात्री करायची तर ते चिन्ह कोडमधून कॉपी करून ऑफिसातल्या एक्सेलमध्ये तपासा:

```
=UNICODE("–")
```

45 आलं तर हायफन, 8211 आलं तर लांब रेघ. फाईंड अँड रिप्लेसने रेघांचे हायफन करून घ्या आणि फॉर्म्युल्याला बाहेरून TRIM लावा, म्हणजे `0415` च्या आधीची मोकळी जागाही जाईल.

फैजपूरकर
मी तर सरळ IFERROR लावून रिकामं ठेवतो. शीट स्वच्छ दिसते, मालकही ओरडत नाही.

जळगावचा_पोरगा
यात मी धुळ्याच्या दादांच्या बाजूने. `RVR-0388` ची ओळ रिकामी दिसली की तो लॉट कुठल्याच वाणात मोजला जाणार नाही, आणि गाडी तर भरून गेलेली असेल. रिकामं ठेवण्यापेक्षा 'कोड तपासा' असं लिहून येऊ द्या.

धुळे_जिनिंग
मी तेही नको म्हणेन. शेजारच्या कॉलमात हायफन मोजा:

```
=LEN(A2)-LEN(SUBSTITUTE(A2,"-",""))
```

दोन किंवा तीन आले तर कोड पुरा आहे. एक किंवा शून्य आलेल्या ओळी फिल्टर करून आधी त्या दुरुस्त करायच्या. एरर तशीच राहू द्या, ती बघूनच माणूस हलतो.

फैजपूरकर
आमच्या काट्यावरचा माणूस लाल-हिरवं काही दिसलं की फाईल बंद करून वहीत लिहायला घेतो. त्याच्यासाठी रिकामं बरं, यावर मी ठाम आहे.

केळीवाला_रावेर
FIND चाच ठेवतो, आणि हायफन मोजायचा कॉलम ऑफिसच्या शीटमध्ये घालतो. काट्यावर एरर दिसू द्यायची की 'कोड तपासा', हे मुनीमजींना विचारून ठरवतो.